जनगणनेची आकडेवारी वापरताना या चुका टाळा: आधी छेद तपासा

जनगणनेतून प्रत्येक गावाची माहिती आयती मिळते आणि तेवढ्या व्याप्तीचे सर्वेक्षण कोणत्याही विद्यार्थ्याला करता येणार नाही. मात्र तो तक्ता आपल्या प्रश्नासाठी बनवलेला नसतो, हे विसरल्यामुळे होणारी एक चूक मी दरवर्षी पाहतो.

एका गटाने २००१ च्या अहवालातून देशाचा साक्षरता दर ६४.८ टक्के असा छापील घेतला. २०११ चा दर मात्र त्यांनी प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातून स्वतः काढला: सुमारे ७६.३६ कोटी साक्षरांना १२१.०९ कोटी लोकसंख्येने भागले आणि ६३.१ टक्के उत्तर आले. दहा वर्षांत साक्षरता घटली असे मानून त्यांनी शाळागळती आणि स्थलांतर यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला ते प्रकरण कोसळले. १९९१ पासून जनगणनेचा साक्षरता दर सात वर्षे व त्यावरील लोकसंख्येवर काढला जातो. सहा वर्षांपर्यंतची सुमारे १६.४५ कोटी मुले छेदातून वगळली की २०११ चा दर ७३ टक्के येतो.

```
P_LIT / (TOT_P - P_06) * 100
```

गोषवाऱ्यातील `P_ILL` हा निरक्षरांचा स्तंभही फसवतो, कारण त्यात ही सर्व लहान मुले मोजलेली असतात.

सगळीकडे एकच चुकीचा छेद वापरला तर तुलना तरी बरोबर राहील, हा युक्तिवाद मला मान्य नाही. दोन तालुक्यांचा खरा दर ७० टक्केच आहे, पण एकात लहान मुले १० टक्के आणि दुसऱ्यात १८ टक्के आहेत, असे समजा. चुकीच्या छेदाने पहिल्याचा दर ६३ आणि दुसऱ्याचा ५७.४ टक्के येतो. हा फरक जन्मदराचा आहे, शिक्षणाचा नव्हे.

म्हणून मी कोणताही नवा दर काढण्यापूर्वी अहवालात छापलेला एक दर कच्च्या आकड्यांवरून स्वतः काढून पाहतो, आणि तो जुळेपर्यंत पुढे जात नाही. यात एक दुपार जाते. ती वाचवून थेट आलेखाकडे धावणाऱ्या विद्यार्थ्यांचेच काम मला पुन्हा करायला सांगावे लागते.

जिल्ह्याच्या सरासरीवरून कुटुंबाविषयी निष्कर्ष काढू नका.

सीमाबदलही पाहा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या ‘ठाणे’ जिल्ह्यात वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुकेही आहेत. नंतरच्या ठाण्याशी तुलना करायची असेल तर या तालुक्यांचे मूळ आकडे वजा करून दर नव्याने काढावा लागतो; टक्केवारीतून टक्केवारी वजा करून चालत नाही.