सोयाबीन: पेरणीला रायझोबियम, फुलोऱ्याला गाठींची तपासणी

कडधान्य किंवा सोयाबीन घेतले की जमीन आपोआप सुधारते, हा समज अर्धाच खरा आहे. हवेतला नत्र धरतात ते मुळांवरच्या गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू. गाठी झाल्याच नाहीत, किंवा झाल्या पण आतून पांढऱ्या राहिल्या, तर सोयाबीनही इतर पिकांसारखेच जमिनीतला नत्र ओढते. त्यामुळे या हंगामात दोन कामे नेटाने करा: पेरणीच्या दिवशी नीट बीजप्रक्रिया आणि फुलोऱ्याच्या सुरुवातीला मुळे उकरून पाहणी.

पाकीट घेताना त्यावर सोयाबीनचेच नाव आहे ना आणि वापरण्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहा. हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनवर चालत नाही, कारण प्रत्येक पीकगटाचे जिवाणू वेगळे असतात. ज्या रानात सोयाबीन पहिल्यांदाच पेरायचे आहे, तिथे त्याचे जिवाणू मातीत बहुधा नसतातच. अशा ठिकाणी ही प्रक्रिया अजिबात टाळू नका.

भुकटी स्वरूपातले संवर्धक 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम लागते. म्हणजे 30 किलो बियाण्याला 750 ग्रॅम. पाऊण लिटर पाण्यात 75 ग्रॅम गूळ उकळून ते पाणी पूर्ण थंड होऊ द्या, मग त्यात संवर्धक कालवा. गरम पाण्यात जिवाणू मरतात, इथे घाई नको. बियाणे ताडपत्रीवर पसरून हे मिश्रण थोडे थोडे शिंपडा आणि हलक्या हाताने खालीवर करा. सोयाबीनची साल फार पातळ असते. जोरात चोळले किंवा पाणी जास्त झाले की ती सुटते आणि उगवण घटते. प्रत्येक दाण्यावर पातळ काळसर लेप बसला की काम झाले. बियाणे सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी ओलीत पेरा. उन्हात ठेवले किंवा कोरड्या मातीत पडून राहिले, तर लेपातले जिवाणू मरतात.

बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावून बियाणे पूर्ण सुकू द्या. जिवाणू सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर लावा. दोन्ही एकाच पातेल्यात कालवू नका.

फुलोरा सुरू होताना, साधारण 35 ते 45 दिवसांनी, शेताच्या चार-पाच ठिकाणची झाडे तपासा. झाड उपटू नका, कारण गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने भोवतालच्या मातीसकट काढून ते पाण्यात हलकेच खळबळा. खरी गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते आणि अंगठ्याने ढकलली की सुटते. मूळच फुगलेले दिसले आणि गाठ वेगळी होत नसेल, तर ते सूत्रकृमीचे लक्षण आहे.

आता गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. ते जिवाणूंना प्राणवायू बेताने पुरवते, कारण नत्र धरणाऱ्या विकराला मोकळा प्राणवायू सोसत नाही. पांढरी गाठ एकतर कोवळी असते किंवा निकामी. हिरवट-तपकिरी गाठीचे काम संपलेले असते. दाणे भरताना असे होणे स्वाभाविक आहे, पण फुलोऱ्यातच तसे दिसले तर पिकावर ताण आला आहे. मोठ्या गाठी सोटमुळाच्या वरच्या भागात असतील, तर बियाण्याला लावलेले जिवाणू लागू पडले असे समजा.

गाठी बिघडल्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे युरिया. मातीत तयार नत्र भरपूर असला की झाड गाठी पोसायचे टाळते. म्हणून सुरुवातीला हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र पुरे. पाणी साचले तरी गाठी गुदमरतात. तसे असेल तर आधी चर काढून पाण्याला वाट द्या. स्फुरद कमी पडला तर नत्र धरायला लागणारी ऊर्जा अपुरी पडते. आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनमही मुळांना मिळत नाही. फुलोऱ्यात गाठी नाहीत आणि पानेही पिवळी आहेत, अशा वेळी नव्याने जिवाणू टाकून या पिकाला फारसा फायदा होत नाही. यंदा नत्र वरून द्यावाच लागेल.

बेवडाचा हिशेबही करून पाहा. 10 क्विंटल सोयाबीन पिकवायला झाड एकूण सुमारे 80 किलो नत्र घेते आणि त्यातला साधारण 60 किलो दाण्यांतून शेताबाहेर जातो. गाठींनी निम्मा, म्हणजे 40 किलो, हवेतून दिला तर उरलेला 40 मातीतून आला. परत मिळतो तो फक्त काड, पाला आणि मुळांतला 20 किलो, म्हणजे जमीन 20 किलोंनी तुटीत गेली. गाठींनी 60 किलो दिला तर हिशेब बरोबरीत सुटतो, तोही सगळे काड रानात राहिले तरच. म्हणून मळणीनंतर भुसकट जाळू नका, ते त्याच रानात पसरा. काढणी करतानाही झाडे मुळासकट न उपटता बुडाशी कापा.