लिमिटिंग रिएजंट एका भागाकारात ओळखा

दोन्ही अभिक्रियाकारकांची वजने दिलेली असली की ज्याचे ग्रॅम किंवा मोल कमी तोच आधी संपणार, असे धरून पुष्कळांचे गणित चुकते. त्याऐवजी प्रत्येकाचे मोल काढून त्यांना समीकरणातील त्याच्याच सहगुणकाने भागावे. ज्याचा भागाकार लहान, तो आधी संपणारा, म्हणजेच लिमिटिंग रिएजंट.

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃ या अभिक्रियेत ५४ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि १४२ ग्रॅम क्लोरीन घेतले, तर दोन्ही २ मोलच भरतात. भागाकार मात्र २/२ = १ आणि २/३ असे येतात, म्हणजे वजनाने अडीचपटीहून जास्त असलेले क्लोरीनच आधी संपते. आता हाच २/३ उत्पादिताच्या सहगुणकाने, म्हणजे २ ने गुणल्यास ४/३ मोल मिळतात आणि त्यांना AlCl₃ च्या मोलर वस्तुमानाने, म्हणजे १३३.५ ने गुणून सैद्धांतिक उत्पादन १७८ ग्रॅम येते. प्रत्यक्षात १३३.५ ग्रॅम मिळाले असतील, तर उत्पादन ७५ टक्के झाले.

अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवावा, ०.६७ करू नये. उत्पादिताच्या सहगुणकाने गुणायचे राहिले (हे फार होते), तर इथे सैद्धांतिक उत्पादन ८९ ग्रॅम आणि टक्केवारी १५० येईल. गृहपाठात १०० च्या वर आकडा दिसला की प्रथम हीच पायरी तपासावी.