साइन-कोसाइनच्या किमती तक्त्याशिवाय: या चुका टाळा

अकरावीच्या वर्गात त्रिकोणमिती सुरू झाली की पहिल्या चाचणीतच मला कळतं, दहावीचा तक्ता कोणी नुसता घोकलाय. पेपर हातात पडल्याबरोबर ही मुलं कोपऱ्यात √०, √१, √२, √३, √४ लिहून प्रत्येकाला २ ने भागतात. युक्ती बरोबर आहे. पण ही ओळ साइनची की कोसाइनची, हे ती सांगत नाही. घाईत उलट्या टोकाने सुरुवात झाली, की ४५° सोडून सगळ्या किमती चुकतात आणि मुलाला पत्ताही लागत नाही.

मी स्वतः आजही त्रिकोण काढतो. २ बाजूचा समभुज त्रिकोण घ्या आणि शिरोबिंदूतून पायावर लंब टाका. पाया अर्धा होऊन १ उरतो, कर्ण २ आहेच, आणि पायथागोरसने उंची √(४ − १) म्हणजे √३ येते. वरचा ६०° चा कोन लंबाने दुभागला, म्हणून ३०° वर, टोकाशी आहे आणि त्याच्या समोर १ ची आखूड बाजू आहे. साइन ३०° = १/२. खालच्या ६०° समोर √३ आहे, म्हणून साइन ६०° = √३/२. लगतची बाजू घेतली की कोसाइन ६०° = १/२.

इथली नेहमीची चूक म्हणजे ३०° खाली पायापाशी लिहिणं. कारण साधं आहे: मुलं प्रत्येक काटकोन त्रिकोण ४५° चा असल्यासारखा काढतात, मग कुठली बाजू आखूड ते चित्रात दिसतच नाही. कंपासपेटीतल्या लांबट गुण्यासारखा त्रिकोण काढा. अणकुचीदार टोक ३०° चं, त्याच्या समोरची बाजू सगळ्यात लहान. यात दहा सेकंद जातात, आणि ती वाचवण्याच्या नादात गुण गेलेले मी फार पाहिलेत.

४५° साठी १, १ बाजूंचा काटकोन त्रिकोण, कर्ण √२. १/√२ आणि √२/२ एकच आहेत. पर्यायांत दुसरं रूप दिसलं म्हणून उत्तर बदलू नका.

आता मला सर्वात जास्त छळणारी चूक: ९०° पुढचे कोन. एका वर्षी मी वर्गाला ५ न्यूटनची दोन बलं दिली, मधला कोन १२०°, परिणामी बल काढा. सूत्र सगळ्यांना येत होतं:

R² = A² + B² + 2AB cos θ

तरी तीन वेगळी उत्तरं आली. काहींनी कोसाइन १२०° = +१/२ धरलं, त्यांचं बल ८.६६ आलं. चिन्ह विसरले होते. एका हुशार मुलीचं २.५९ आलं. तिने १२० मधून ९० वजा केले, ३०° उरले, म्हणून −√३/२ लिहिलं. चिन्ह बरोबर, आकडा चुकला, कारण तिने कोन वाय-अक्षापासून मोजला. ती म्हणाली, "सर, जवळचा अक्ष घ्यायचा ना?" नाही. संदर्भकोन नेहमी एक्स-अक्षापासूनच मोजायचा.

मी फळ्यावर १ त्रिज्येचं वर्तुळ काढलं. १२०° चा बिंदू दुसऱ्या चरणात येतो. तिथून एक्स-अक्षावर लंब टाकला की डावीकडे १८० − १२० = ६०° चा तोच त्रिकोण बसतो. कर्ण १ असल्याने सगळ्या बाजू निम्म्या: आडवी १/२, उभी √३/२. बिंदू केंद्राच्या डावीकडे, म्हणून कोसाइन −१/२. एक्स-अक्षाच्या वर, म्हणून साइन +√३/२. कोसाइन आडवं अंतर, साइन उंची. आता R² = २५ + २५ − २५, म्हणजे बल ५ न्यूटन. दोन्ही बाण एकापुढे एक जोडले तर समभुज त्रिकोण होतो, त्यावरूनही ५ च यायला हवं. ३००° लाही हेच: ३६० − ३०० = ६०°, बिंदू उजवीकडे खाली, कोसाइन +१/२, साइन −√३/२.

रेडियनमध्ये π/६ म्हणजे ६०° नव्हे, १८० भागिले ६, म्हणजे ३०°. छेद मोठा, कोन लहान.

साइन ६०° म्हणजे साइन ३०° ची दुप्पट नव्हे. दुप्पट केली तर १ येतं, आणि ती किंमत ९०° ची आहे.

१५° आणि ७५° या वर्गमुळांच्या ओळीत बसत नाहीत. तिथे ४५° आणि ३०° घेऊन बेरीज-वजाबाकीची सूत्रंच वापरावी लागतात.

उत्तर लिहिण्याआधी मी ०.५, ०.७१, ०.८७ हे तीन आकडे मनात आणतो आणि बिंदू वर्तुळावर कुठे आहे ते बघतो. १५०° चा बिंदू बुटका आणि बराच डावीकडे आहे, तर साइन ०.५ आणि कोसाइन −०.८७ असणार. वहीत उलटं आलं असेल, तर त्रिकोण पुन्हा काढतो.