घरच्या सर्व्हरसाठी मशीन घेताना या चुका टाळा

घरी चोवीस तास चालणारा सर्व्हर लावायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'प्रोसेसर कुठला घेऊ?' वास्तविक घरगुती कामात प्रोसेसर दिवसाचा बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. आधी संपते ती रॅम, मग दम टाकते ती डिस्क, आणि वीजबिल तर पहिल्या महिन्यापासून चालू. म्हणून खरेदीचा विचारही त्याच क्रमाने करू.

एक ठरावीक घर डोळ्यांसमोर ठेवू. प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिमवर, पाच गेस्ट चालवायचे आहेत: होम असिस्टंटचं व्हीएम, जाहिराती अडवणाऱ्या पाय-होलचा कंटेनर, सिनेमांसाठी जेलीफिन, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड आणि फोटोंसाठी इमिच.

रॅमची बेरीज न करता मशीन घेणं

कागद घ्या आणि मांडा. होम असिस्टंटला २ जीबी, पाय-होलला अर्धा, जेलीफिनला २, नेक्स्टक्लाउडला ४, इमिचला ६. झाले साडेचौदा. होस्टला, म्हणजे मूळ मशीनला, स्वतःसाठी दीड-दोन जीबी लागते. म्हणजे १६ जीबीचं मशीन पहिल्याच दिवशी काठोकाठ भरलं, आणि झेडएफएस या फाइलसिस्टिमची कॅश अजून धरलेलीच नाही.

'सगळे एकाच वेळी पूर्ण रॅम थोडीच वापरणार?' हा युक्तिवाद कंटेनरच्या बाबतीत बराचसा खरा आहे, कारण कंटेनर लागेल तेवढीच घेतो. व्हीएमचं तसं नाही. आतलं लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशला लावतं, त्यामुळे दिलेले ४ जीबी काही दिवसांत होस्टच्या दृष्टीने वापरलेलेच दिसतात. बलूनिंगने, म्हणजे व्हीएमकडची रॅम होस्टने परत मागून घेण्याच्या सोयीने, थोडी रॅम परत मिळते. पण त्या व्हीएमला ग्राफिक्स किंवा दुसरं एखादं पीसीआय कार्ड पासथ्रू केलं असेल, म्हणजे थेट त्याच्या ताब्यात दिलं असेल, तर त्याची सगळी रॅम जागच्या जागी अडकते आणि बलूनिंगचा उपयोग उरत नाही.

ही चूक झाली आहे हे ओळखायचं कसं? रात्री चालू असलेलं व्हीएम सकाळी बंद सापडतं आणि त्याच्या आतल्या लॉगमध्ये काहीच नसतं. नसणारच, कारण त्याला बाहेरून मारलेलं असतं. रॅम संपली की होस्टचा कर्नल सहसा सगळ्यात जास्त रॅम खाणारी प्रोसेस उडवतो, आणि ती म्हणजे बहुधा तुमचं सगळ्यात मोठं व्हीएम. होस्टवर हे बघा:

```
journalctl -k | grep -i "out of memory"
```

इथे `kvm` नावाची प्रोसेस मारल्याची ओळ दिसली की प्रश्न मिटला. झेडएफएस वापरत असाल तर त्याची कॅशही तपासा. प्रॉक्समॉक्सच्या अलीकडच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती एकूण रॅमच्या १० टक्क्यांवर बांधलेली असते, पण जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ती निम्म्या रॅमपर्यंत जाऊ शकते. २ जीबीची मर्यादा घालायला `/etc/modprobe.d/zfs.conf` मध्ये ही ओळ टाका:

```
options zfs zfs_arc_max=2147483648
```

मग `update-initramfs -u -k all` चालवून मशीन रीस्टार्ट करा.

खरेदीच्या वेळी याचा अर्थ एवढाच, की रॅमचे दोन स्लॉट असलेलं मशीन घ्या. N100 वाली छोटी डबी दिसायला गोंडस आणि विजेला हलकी असते, पण तिला मेमरीचं एकच चॅनेल आहे आणि इंटेलची अधिकृत मर्यादा १६ जीबी. पाय-होल आणि होम असिस्टंट एवढंच चालवायचं असेल तर ती उत्तम. वरच्या यादीला ती पुरत नाही. त्यापेक्षा i5-8500T सारखा प्रोसेसर असलेला, ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड मिनी पीसी बरा. त्यात १६ ची एकच पट्टी टाका, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. ८ च्या दोन पट्ट्या घेतल्यात तर पुढे वाढवताना दोन्ही काढून ठेवाव्या लागतील. (चुका सुधारणारी ईसीसी रॅम नसेल तर झेडएफएस वापरूच नये, असं सांगणारे भेटतील. ईसीसी असलेली चांगलीच, पण झेडएफएसला ती इतर फाइलसिस्टिमपेक्षा जास्त लागते असं काही नाही.)

सगळ्यात स्वस्त एसएसडी

डब्यावरचा वेग बघून एसएसडी घेतली जाते. तो वेग असतो सुरुवातीच्या काही जीबींचा. एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी स्वस्त क्यूएलसी एसएसडी आधी वेगवान कॅशमध्ये लिहिते, आणि ती कॅश भरली की वेग साध्या हार्ड डिस्कच्याही खाली जाऊ शकतो. लॅपटॉपवर हे जाणवत नाही. सर्व्हरवर मात्र पाच गेस्टचे डेटाबेस आणि लॉग थोडं थोडं सतत लिहीत असतात, आणि डेटाबेस प्रत्येक वेळी 'खरंच डिस्कवर गेलं का?' याची खात्री मागतो. साध्या एसएसडीला याच प्रकारचं लिखाण सगळ्यात जड जातं.

लक्षण ठरलेलं: रात्री बॅकअप सुरू झाला की सगळे गेस्ट गोठतात, प्रोसेसर १० टक्क्यांवर आणि प्रॉक्समॉक्सच्या समरी पानावरचा `IO delay` वर चढलेला. अशा वेळी प्रोसेसर बदलून काही होत नाही. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि गेस्टसाठी सेलमध्ये तीनच बिट ठेवणारी टीएलसी एसएसडी लावा. वीज गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवणारी सोय असलेली वापरलेली एंटरप्राइज एसएसडी मिळाली तर फारच छान, फक्त आधी तिचं आयुष्य किती उरलंय ते पाहून घ्या:

```
smartctl -a /dev/nvme0
```

`Percentage Used` म्हणजे किती झिजली. `Data Units Written` चा एक युनिट ५,१२,००० बाइटचा. महिनाभरात हा आकडा ६० लाखांनी वाढला, तर साधारण ३ टीबी लिहिलं गेलं. डिस्कची हमी १५० टीबी लिखाणाची असेल, तर ५० महिन्यांची सोय झाली.

फोटो-सिनेमांसाठी हार्ड डिस्क घेताना ती एसएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी, नाही एवढं बघा. झेडएफएसच्या मिररमध्ये डिस्क बदलायची वेळ आली की एसएमआर डिस्क अक्षरशः रडवते.

टीडीपी बघून विजेचा अंदाज बांधणं

टीडीपी म्हणजे प्रोसेसरच्या उष्णतेचा वॉटमधला आकडा, आणि तो लोडखालचा. घरचा सर्व्हर बहुतेक वेळ आयडल असतो, त्यामुळे बिल ठरतं ते आयडलवर. i5-8500 आणि i5-8500T आयडलला जवळपास सारखीच वीज घेतात. `T` वाला फक्त जोर लावताना स्वतःला आवरतो.

हिशेब सोपा आहे: वॉटला ०.७२ ने गुणलं की महिन्याचे युनिट. जुना टॉवर ६० वॉट घेत असेल तर ४३ युनिट, १२ वॉटचा मिनी पीसी असेल तर ९ सुद्धा नाहीत. फरक ३४-३५ युनिटचा. महावितरणच्या बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे हे जादा युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात मोजले जातात. तिथे १० रुपये दर धरला तरी वर्षाला ४,००० च्या वर गेले. 'फुकट मिळालेला' टॉवर किंवा रॅकमधला जुना झिऑन घेण्याआधी ही बेरीज करा.

मिनी पीसी असूनही मीटरवर २५ वॉट दिसत असतील तर `powertop` उघडून `Idle stats` मध्ये पॅकेजचा रकाना बघा. तो `C2` किंवा `C3` च्या खाली उतरतच नसेल, तर एखादं कार्ड प्रोसेसरला झोपू देत नाहीये. नंतर जोडलेलं साटा किंवा नेटवर्क कार्ड काढून पुन्हा मोजा. साडेतीन इंची हार्ड डिस्क मात्र नुसती फिरत राहायलाच ४ ते ६ वॉट घेते, तिथे हा उपाय चालत नाही.

यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट असलेलाच घ्या. नाहीतर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळणार कसं? पोर्ट असला की `nut` हे सॉफ्टवेअर त्याच्याशी बोलून गेस्ट नीट बंद करतं. आणि बायोसमध्ये `After Power Loss` ला `Power On` करून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला असताना वीज गेली-आली तरी शेजाऱ्यांना बटण दाबायला सांगावं लागणार नाही.