लिंक पाठवली, पण आजींना दिसेना! व्हिडिओ पब्लिक, अनलिस्टेड, प्रायव्हेट की शेड्यूल्ड, हे कसं ओळखाल?

सदाशिव पेठेतल्या एका गाण्याच्या क्लासचं यूट्यूब चॅनल मी सांभाळतो. गेल्या गुरुपौर्णिमेला दुपारीच व्हिडिओ चढवला, संध्याकाळी 7 ची वेळ लावली आणि लिंक लगेच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळा झालो. पुढचा तासभर फोन खणखणत होता. "अहो, इथे हा व्हिडिओ प्रायव्हेट आहे असं येतंय!" चूक माझीच होती. शेड्यूल्ड व्हिडिओ ठरलेली वेळ होईपर्यंत प्रायव्हेटच असतो. बाहेरून बघणाऱ्याला तो आणि साधा प्रायव्हेट व्हिडिओ यांत काहीच फरक दिसत नाही.

म्हणून ओळखायचं ते दोन्हीकडून, आधी आतून आणि मग बाहेरून.

1. studio.youtube.com उघडा आणि डावीकडे Content वर जा. प्रत्येक व्हिडिओच्या ओळीत Visibility नावाचा रकाना आहे. तिथे Public, Unlisted, Private किंवा Scheduled यांपैकी जे लिहिलं असेल, ते खरं. Scheduled असेल तर तारीखही दिसते. शब्दावर क्लिक केलं की अवस्था बदलताही येते.

2. आता व्हिडिओची लिंक कॉपी करून ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. तुम्ही स्वतःच्या खात्यातून बघत असता, त्यामुळे तुम्हाला सगळंच चालू दिसतं. इनकॉग्निटोमध्ये तुम्ही परके असता. व्हिडिओ प्रायव्हेट असल्याचा संदेश आला, तर तो प्रायव्हेट तरी आहे किंवा शेड्यूल्ड तरी. नक्की काय, ते पुन्हा स्टुडिओतच कळेल.

3. व्हिडिओ चालला, तर तो पब्लिक आहे की अनलिस्टेड? त्याच खिडकीत चॅनलचं पान उघडा आणि व्हिडिओंच्या यादीत शोधा. अनलिस्टेड तिथे नसतो, सर्चमध्येही येत नाही. शिवाय व्हिडिओच्या शीर्षकाजवळ Unlisted अशी खूण दिसते.

अनलिस्टेडबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण लोक त्याला 'खाजगी' समजतात. तो खाजगी नाही. तो घराच्या नावाची पाटी काढून ठेवल्यासारखा आहे. दाराला कुलूप नाही. लिंक ज्याच्या हाती, त्याला व्हिडिओ बघता येतो, पुढे पाठवता येतो, आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. त्यातून एक फट अशी की, तुम्ही (किंवा दुसऱ्या कुणीही) तो पब्लिक प्लेलिस्टमध्ये टाकला, तर ती प्लेलिस्ट बघणाऱ्या अनोळखी लोकांनाही तो सापडतो. लहान मुलांचे व्हिडिओ असतील तर प्लेलिस्टसुद्धा अनलिस्टेड ठेवा. आणि लिंक भलतीकडे गेलीच, तर व्हिडिओ प्रायव्हेट करा. लिंक लगेच बंद पडते. मात्र पुन्हा अनलिस्टेड केलात की तीच जुनी लिंक जिवंत होते, कारण अवस्था बदलली तरी लिंक बदलत नाही. नवी लिंक हवी असेल, तर व्हिडिओ नव्याने चढवण्याला पर्याय नाही.

मग प्रायव्हेटच का ठेवू नये? आमच्या क्लासचं गणित बघा. मुलं 38, प्रत्येकाचे आई-बाबा धरले तर 76 माणसं, आणि आजी-आजोबा वेगळे. प्रायव्हेट व्हिडिओला ईमेलने आमंत्रण देता येतं, पण जास्तीत जास्त 50 जणांना. ज्या ईमेलवर आमंत्रण गेलं, त्याच गूगल खात्याने लॉगिन करून बघावं लागतं. कमेंटही करता येत नाही. दोन-चार परीक्षकांना दाखवायचं असेल तर प्रायव्हेट उत्तम, पण अख्ख्या गोतावळ्याला ते जमणारं नाही.

शेड्यूलचं आणखी एक. आधी अनलिस्टेड असलेल्या व्हिडिओला वेळ लावलीत, तर तो त्या क्षणापासून प्रायव्हेट होतो, म्हणजे आधी वाटलेल्या लिंक मधल्या काळात बंद. चॅनलवर नियमभंगाचा स्ट्राइक आला, तर ठरलेल्या वेळीही व्हिडिओ प्रकाशित होत नाही. दंडाची मुदत संपल्यावर वेळ पुन्हा लावावी लागते.

यंदा मी व्हिडिओ अनलिस्टेड चढवला, लिंक आधी फक्त बाईंना पाठवली. "त्या तिसऱ्या मुलाचं नाव चुकलंय," त्या म्हणाल्या. नाव खालच्या वर्णनात होतं, तिथेच दुरुस्त केलं. पुन्हा चढवायची वेळ आली नाही. मग इनकॉग्निटोमध्ये एकदा तपासलं आणि 7 वाजता तीच लिंक ग्रुपवर टाकली. शेड्यूलला हातच लावला नाही. एकच फोन आला, तोही आवाज कसा वाढवायचा हे विचारायला.