पंप बदलायच्या आधी पंप-रूममध्ये काय काय बघून ठेवायचं

सोसायटीतला पंप बंद पडला की प्लंबर फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "पंप कुठला आहे?" आणि कमिटीतला माणूस हमखास सांगतो, "निळा आहे, एक एचपीचा." मीही एकदा असंच उत्तर दिलं होतं. त्यामुळे काय झालं ते पुढे येईलच. तेव्हापासून फोन लावायच्या आधी पंप-रूममध्ये एक फेरी मारायची, असं मी ठरवून टाकलंय. त्या फेरीत काय बघायचं, ते इथे लिहितो. आमची इमारत मुलुंडची, चार मजल्यांची. खाली महापालिकेच्या पाण्याची टाकी, गच्चीवर वरची टाकी आणि मागच्या बाजूला फ्लशिंगसाठी बोअर. मुंबईतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसतं.

वेळ आधी ठरवा. पाणी सोडायच्या तासाला किंवा वरची टाकी रिकामी असताना जाऊ नका, कारण मग वॉचमनकाका मागे उभे राहून घाई करतात आणि घाईत पाइप मोजले जात नाहीत. सोबत टॉर्च, खडू, वायर ब्रश, जुना फडका, हातभर सुतळी, मोजपट्टी आणि फोन घ्या. पायात रबरी चपला हव्यात. मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करा आणि वॉचमनकाकांना त्याच्याजवळ उभं करा. पॅनेल 'ऑटो'वर असेल, तर टाकीतल्या सेन्सरने पंप मध्येच आपोआप सुरू होतो आणि तुमचा हात नेमका तेव्हा कपलिंगपाशी असतो. पाण्याच्या टाकीत एकट्याने उतरायचं नाही, अगदी रिकामी असली तरी नाही. बंद टाकीत हवा कोंडलेली असते. टाकीतलं जे बघायचं, ते झाकण उघडून वरूनच बघा.

नेमप्लेट असली तर उत्तमच, ब्रशने घासून तिचा फोटो काढा. पण रंगारी दर दिवाळीला भिंतीबरोबर पंपावरही ब्रश फिरवतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी प्लेट वाचता येत नाही. म्हणून पंपाच्या अंगाकडे बघायचं, आणि त्यातही त्याच्या तोंडाकडे. पाणी आत कुठून शिरतं हे कळलं की पंपाची जात कळते.

आधी नेहमीचा सेंट्रिफ्यूगल पंप, ज्याला आपल्याकडे सगळे मोनोब्लॉक म्हणतात. मोटरच्या मागच्या टोकाला पंख्याचं जाळीचं झाकण असतं, अंगावर उभ्या-आडव्या पट्ट्या असतात आणि पुढच्या टोकाला शंखासारखी गोल, एका बाजूने फुगत गेलेली लोखंडी पेटी असते. आत इंपेलर, म्हणजे पात्यांचं चाक, फिरतं. ते पाणी मधोमध घेतं आणि कडेला फेकतं. म्हणून या पंपाचं तोंड शंखाच्या बरोबर मध्यावर, मोटरच्या विरुद्ध दिशेला उघडतं, आणि बाहेर जायचा पाइप शंखाच्या कडेवरून, बहुधा वरच्या बाजूने निघतो. एक तोंड मध्ये, एक कडेला, एवढीच दोन भोकं. वर प्राइमिंगचा, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरून घ्यायचा, छोटा बूच असतो, तो तिसरा पाइप समजू नका. आत येणारा पाइप बाहेर जाणाऱ्याएवढा किंवा त्याहून एक नंबर जाड असतो. आमच्या खालच्या टाकीवरचा पंप असाच आहे, दोन इंची आत आणि दीड इंची बाहेर.

पाइप डोळ्यांनी मोजू नका, सगळे सारखेच दिसतात. जीआय म्हणजे लोखंडी पाइपाभोवती सुतळी गुंडाळा, खुणेवर धरा आणि मोजपट्टीवर ठेवा. साधारण साडेदहा सेंटीमीटर भरली तर पाइप एक इंची, सव्वातेरा भरली तर सव्वा इंची, पंधराच्या जरा वर दीड इंची आणि एकोणीसला दोन इंची. ही मापं जीआयचीच आहेत. प्लास्टिकच्या पाइपाची बाहेरची जाडी वेगळी असते, तिथे पाइपावर छापलेला आकडा वाचा. मापलं की लगेच खडूने पाइपावर आकडा लिहा आणि पाणी कुठे जातं त्या दिशेला बाण काढा.

आता बोअरपाशी चला. घोटाळा इथेच होतो. आमच्या बोअरवरचा पंपही असाच जमिनीवर बसलेला, मागे पंख्याची जाळी, पुढे लोखंडी पेटी. लांबून बघितलं तर मोनोब्लॉकच. पण पुढून बघितलं तर पेटीच्या तोंडावर एकाखाली एक अशी दोन भोकं होती, एक सव्वा इंची आणि एक इंची, आणि दोन्ही पाइप जोडीने बोअरमध्ये उतरलेले. तिसरा पाइप वरून निघून फ्लशिंगच्या टाकीकडे गेलेला. पुढे दोन आणि वर एक दिसलं, की तो जेट पंप.

दोन पाइप का, हे कळलं तर ओळख पक्की होते. वर बसलेला कुठलाही पंप पाणी ओढत नाही, तो फक्त पाइपातली हवा कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. ती कितीही जोर लावला तरी पाणी जेमतेम दहा मीटर चढवू शकते, आणि पाइपाच्या तळाशी पाणी परत जाऊ न देणारा फूटव्हॉल्व्ह, बेंड, पाइपातलं घर्षण सगळं वजा जाता हाती सात-आठ मीटर उरतात, म्हणजे साधारण पंचवीस फूट. त्याहून खोल पाण्यासाठी जेट पंप आपल्याच पाण्यातला काही भाग बारीक पाइपाने परत खाली पाठवतो. खाली एका अरुंद नोझलमधून ते पाणी वेगाने सुटतं, शेजारचं बोअरचं पाणी सोबत घेतं आणि जाड पाइपाने वर ढकलून देतं. म्हणून बारीक पाइप खाली जाणारा आणि जाड पाइप वर येणारा. ते उलटे जोडले तर पंप गुरगुरत राहतो आणि पाणी येत नाही.

एक जेट पंप मात्र एकाच पाइपाचा असतो, कमी खोलीसाठीचा. त्याचं नोझल पेटीच्या आतच असतं, त्यामुळे पेटी शंखासारखी चपटी न राहता बाटलीसारखी पुढे लांब येते, आणि तोंडही बऱ्याचदा मोटरच्या मध्यरेषेपेक्षा जरा वर असतं, म्हणजे बंद झाल्यावरही पेटीत पाणी साठून राहतं. त्यालाही तीच पंचवीस फुटांची मर्यादा. आणि ज्या छोट्या अर्ध्या-एक एचपीच्या पंपाची दोन्ही भोकं वरच्या बाजूला शेजारी-शेजारी असतात आणि पेटी गोल डबीसारखी चपटी असते, तो यांच्यातला कोणीच नाही. त्याचा फोटो काढून वेगळा ठेवा. तो थेट महापालिकेच्या लाइनवर लावलेला दिसला, तर तो नियमाबाहेरचा आहे.

आता माझी फजिती. चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमचा तो बोअरवरचा पंप जळला. मी फोनवर "मोनोब्लॉक" म्हणालो. माणूस आला, त्याने खालचं नोझल काढलं, एकच पाइप आणि साधा फूटव्हॉल्व्ह सोडला आणि वर नवा एक एचपीचा सेंट्रिफ्यूगल बसवला. पाणी आलं, जोरात आलं, सगळे खूश. कारण पावसाळ्यात बोअरमधलं पाणी वर, पंधरा-अठरा फुटांवर होतं. दिवाळीपर्यंत काहीच जाणवलं नाही. मार्चमध्ये टाकी भरायला दुप्पट वेळ लागू लागला, आणि एप्रिलच्या मध्याला पंप दोन मिनिटं चालून कोरडा आवाज करायला लागला. प्राइमिंग केलं की परत दोन मिनिटं. आम्ही फूटव्हॉल्व्ह बदलला, जॉइंटला टेप गुंडाळली, मेकॅनिकला दोष दिला. शेवटी तळमजल्यावरच्या काकांनी सुतळीला नट बांधून बोअरमध्ये सोडला. सुतळी चाळीस फुटांवर भिजली. पंप चांगलाच होता, जात चुकली होती. आता माझ्या यादीत बोअरमधल्या पाण्याची खोली मोजणं आहेच, आणि तेही मेच्या पहिल्या आठवड्यात, पावसाळ्यात नव्हे.

बोअरपाशी गेलात आणि जमिनीवर पंपच दिसला नाही, तर तो सबमर्सिबल. बोअरच्या तोंडावर लोखंडी क्लॅम्प असतो, त्यावर सगळ्या पाइपाचं वजन लोंबतं. एकच पाइप वर येतो आणि त्याच्याशेजारून चपटी केबल आत जाते. पंप आत असल्याने त्याचं अंग दिसत नाही, आणि नुसतं बघण्यासाठी तो उपसून काढू नका. पण कधी दुरुस्तीला बाहेर काढलेला असेल, तर जरूर बघून घ्या. लांब, बारीक स्टीलची नळी, आणि तिचं तोंड टोकाला नसून मध्येच, जाळीच्या पट्ट्यासारखं. खाली मोटर, वर पंप, मध्ये जाळी. म्हणजे पाणी आत शिरण्याआधी मोटरच्या अंगावरून जातं आणि तिला थंड ठेवतं.

सगळ्यात फसवा तो टाकीतला आडवा ओपनवेल सबमर्सिबल. टाकीच्या झाकणातून टॉर्च मारला तर पाण्याखाली मोनोब्लॉकसारखंच काहीतरी आडवं पडलेलं दिसतं, शंखही असतो. पण मोटरच्या मागे पंख्याची जाळी नसते, अंगावर पट्ट्या नसतात, गुळगुळीत बंद डबा असतो आणि केबल थेट अंगात शिरते. आणि तोंडाला पाइप नसतो, नुसती जाळी. तो पाण्यातच थंड होतो, म्हणून टाकी कोरडी पडल्यावर चालवला तर मोटर जळते. 2005 च्या 26 जुलैनंतर पंप-रूम बुडू नये म्हणून आमच्या शेजारच्या इमारतीने हाच टाकीत सोडला, तर त्यांच्या नव्या वॉचमनला तो बाहेरचाच पंप वाटायचा.

फेरी संपली की पंप-रूमच्या बाहेर येऊन, मेन स्विच परत चालू करून, मगच प्लंबरला मेसेज लिहा. माझा मागच्या वेळचा असा होता: "बोअरचा पंप. जमिनीवर, मागे पंखा आहे. पुढे दोन भोकं, वरचं सव्वा इंची, खालचं एक इंची, दोन्ही पाइप बोअरमध्ये. वरून एक इंची टाकीकडे. पाणी मेमध्ये चाळीस फुटांवर. थ्री फेज. फोटो चार पाठवतोय, समोरून, वरून, बोअरचं तोंड, पॅनेल." उत्तर आलं, "जेट. उद्या अकराला येतो."