ब्रॉयलरच्या विष्ठेत रक्त दिसल्यास काय करावे: शवविच्छेदन, औषध आणि लिटर

नागपूर परिसरात पावसाची झड लागली की तीन ते पाच आठवडे वयाच्या ब्रॉयलर पक्ष्यांमध्ये रक्ती हगवणीच्या, म्हणजेच कॉक्सीडिओसिसच्या, तक्रारी वाढतात. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी या आजाराचे कारण आहे. त्याच्या अनेक जाती असल्या तरी विष्ठेत ठसठशीत रक्त दिसते ते बहुधा आयमेरिया टेनेलामुळे. ही जात सिकममध्ये, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी असलेल्या दोन बंद पिशव्यांमध्ये वाढते. या लेखात तिचाच विचार केला आहे.

आधी दिवस उलटे मोजा

समजा, कळमेश्वर तालुक्यातील २००० पक्ष्यांच्या शेडमध्ये २६व्या दिवशी सकाळी लिटरवर, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर, रक्ताचे डाग दिसले. लागण झाल्यापासून साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी रक्त पडते. म्हणजे या पक्ष्यांनी परजीवीची बीजे, ज्यांना ऊसिस्ट म्हणतात, २०व्या किंवा २१व्या दिवशी टिपली असणार. ताज्या विष्ठेतून पडलेले ऊसिस्ट लगेच लागण करू शकत नाहीत. ओल, हवा आणि २५ ते ३० अंश तापमान मिळाले तर एक-दोन दिवसांत ते लागणक्षम होतात. याचा अर्थ लिटर १८व्या-१९व्या दिवसाच्या सुमारास भिजलेले होते. त्या दिवशी पावसाचे फवारे कोणत्या बाजूने आत आले आणि कोणता निपल किंवा ड्रिंकर गळत होता, हे नोंदवहीतून आणि शेडवरील मजुराला विचारून शोधावे, कारण औषध दिले तरी ती जागा ओली राहिली तर लागण चालूच राहते.

रक्तच आहे ना, याची खात्री करा

सिकममधून येणारी नेहमीची विष्ठा चॉकलेटी, चिकट आणि लगद्यासारखी असते, आणि नवखे पाळणारे तिलाच रक्त समजून घाबरतात. खरे रक्त ताजे असताना लाल असते, लिटरवर पसरते आणि गुदद्वाराजवळची पिसे माखून जातात. सोबत पक्षी पिसे फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात दाटीने उभे राहतात आणि खाद्य कमी उचलले जाते.

तीन ते पाच पक्षी उघडून पाहा

शवविच्छेदनासाठी नुकतेच मेलेले पक्षी निवडावेत. नागपूरच्या उकाड्यात काही तासांतच आतडी हिरवी-काळी पडू लागतात आणि मग सडण्याचे व्रण आणि रोगाचे व्रण वेगळे ओळखता येत नाहीत. मात्र एकाएकी मोठ्या संख्येने मरतुक झाली असेल, तुरे निळे पडले असतील किंवा डोके सुजले असेल, तर बर्ड फ्लूची शंका धरून पक्षी अजिबात उघडू नयेत आणि पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

हातमोजे घालून पक्षी उताणा ठेवावा, पिसे ओली करावीत, पोटाची कातडी कापून आतडी बाहेर काढावीत आणि सिकमच्या दोन पिशव्या आधी बाहेरून पाहाव्यात. टेनेलाच्या लागणीत त्या फुगलेल्या आणि गडद लाल ते जांभळट दिसतात. कात्रीने लांबीत चिरल्यावर आत रक्त किंवा रक्ताच्या गुठळ्या मिळतात आणि भिंत जाड झालेली असते. रक्तस्राव सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, तर रक्ताच्या जागी पनीरसारखा घट्ट, पांढुरका-तांबूस गाभा सापडतो. व्रणांची तीव्रता शून्य ते चार अशा गुणांनी मोजतात: भिंतीवर तुरळक रक्तबिंदू असले तर एक, आणि पिशव्या रक्ताने किंवा गाभ्याने तट्ट भरल्या असल्या तर चार. मेलेल्या पक्ष्यांत बहुधा चारच सापडतात. कळपाची खरी स्थिती समजण्यासाठी एखादा आजारी पण जिवंत पक्षी पशुवैद्यकांकडून तपासून घेणे अधिक उपयोगी ठरते.

सिकम निरोगी असून लहान आतड्याच्या आतील अस्तर खरखरीत टॉवेलसारखे दिसत असेल, तर तो नेक्रोटिक एन्टेरायटिस असू शकतो. मांडीच्या स्नायूंत रक्तस्राव आणि गुदद्वाराजवळची बर्सा ही ग्रंथी सुजलेली दिसली, तर गंबोरो या आजाराचा विचार करावा. शंका उरल्यास सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात ताजे पक्षी बर्फावर ठेवून न्यावेत. सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठेत ऊसिस्ट दिसले नाहीत, म्हणून आजार नाही असा निष्कर्ष काढू नये. रक्तस्राव सुरू होतो तेव्हा टेनेलाचे ऊसिस्ट अजून तयारच झालेले नसतात. सिकमच्या भिंतीचा खरवड तपासायला सांगावा.

औषध: पाण्याचे गणित आधी

आजारी पक्षी खाणे सोडतो, पण पाणी बऱ्याच अंशी पीत राहतो, म्हणून उपचार पाण्यातून करतात. आपल्या उदाहरणात टाकीच्या मापाने दिवसाला सुमारे ४०० लिटर पाणी लागते असे धरू. अ‍ॅम्प्रोलियमची पूर्ण मात्रा ०.०२४ टक्के आहे. २० टक्क्यांच्या पावडरीसाठी ती लिटरला १.२ ग्रॅम होते, म्हणजे दिवसाला ४८० ग्रॅम. ही मात्रा तीन ते पाच दिवस द्यावी आणि पुढे एक-दोन आठवडे ०.००६ टक्के, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम, दिवसाला १२० ग्रॅम चालू ठेवावी. पाकिटावरील टक्केवारी वेगळी असेल तर गणित बदलते, त्यामुळे पशुवैद्यकांकडून एकदा तपासून घ्यावे.

अ‍ॅम्प्रोलियम परजीवीला जीवनसत्त्व ब-१ मिळू देत नाही. अशक्तपणा दिसला म्हणून त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स टाकण्याची सवय अनेकांना असते. तिने औषधाचाच परिणाम मारला जातो. या काळात जीवनसत्त्व अ आणि के द्यावे, बी-कॉम्प्लेक्स नंतर. सल्फा औषधे बेताने वापरावीत, कारण त्यांपैकी सल्फाक्विनॉक्सॅलिन स्वतःच रक्तस्राव वाढवू शकते. टोल्ट्राझुरिल प्रभावी आहे, परंतु ते दिल्यानंतर विक्रीपर्यंत दोन आठवड्यांहून अधिक काळ थांबावे लागते. ३८व्या दिवशी उचलायच्या पक्ष्यांना २६व्या दिवशी ते देणे बसत नाही. कोणत्याही औषधाचा हा काळ लेबलवर वाचूनच ठरवावा.

पहिले दोन-तीन दिवस मरतुक चालूच राहिली तर औषध बदलण्याची घाई करू नये. ज्यांच्या सिकमची भिंत आधीच फाटली आहे त्यांना औषध वाचवू शकत नाही. ते नव्या लागणी रोखते. लागण झाल्यापासून आठव्या-नवव्या दिवसापर्यंत तगलेले पक्षी बहुधा सावरतात, वजन मात्र मागे राहते.

लिटर

मूठभर लिटर दाबून पाहावे. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे. गोळा होऊन बोट लावताच फुटला तर ओल योग्य आहे. भंडारा-गोंदियाकडून येणारा धानाचा तूस चांगला असतो, पण पावसाळ्यात पोती उघड्यावर राहिली तर तो आधीच दमट होऊन येतो. ड्रिंकरखालची ओली, घट्ट ढेकळे पोत्यात भरून शेडबाहेर काढावीत आणि तेथे कोरडा तूस टाकावा. ती ढेकळे दंताळ्याने बाकीच्या लिटरमध्ये मिसळणे ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण त्यातून ऊसिस्ट शेडभर वाटले जातात. ढेकळे काढल्यावर उरलेले लिटर ऊन असताना रोज खालीवर करावे. पाऊस नसताना पडदे उघडावेत. भीतीने दिवसभर बंद ठेवलेल्या शेडमध्ये अमोनियाचा वास येतो आणि लिटर वाळतच नाही. निपलची उंची पक्ष्याच्या वाढीनुसार दर काही दिवसांनी वाढवावी.

पुढची बॅच

फिनाइलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांनी ऊसिस्ट मरत नाहीत. जुने लिटर शेडपासून दूर ढीग लावून कुजवावे, फरशी धुऊन पूर्ण वाळवावी आणि ज्योतीने भाजावी. सगळे ऊसिस्ट कधीच संपत नाहीत, आणि त्याची गरजही नसते. थोडी लागण झाल्यानेच पक्ष्यांत त्या जातीविरुद्ध प्रतिकारशक्ती येते.

प्रतिबंधासाठी खाद्यात सॅलिनोमायसिन टनाला ६० ग्रॅम, म्हणजे १२ टक्क्यांचे प्रीमिक्स ५०० ग्रॅम, वापरतात. ते चालू असताना श्वसनाच्या आजारासाठी टियाम्युलिन दिल्यास विषबाधा होते. करारावर पक्षी सांभाळणाऱ्यांना खाद्य कंपनीकडूनच येते, म्हणून त्यात कोणते औषध आहे हे सुपरवायझरला विचारून नोंदवून ठेवावे. सतत एकच औषध वापरल्यास परजीवी त्याला दाद देत नाही. काही बॅचनंतर वेगळ्या गटाचे औषध घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४५ अंशांकडे झुकत असताना, निकार्बॅझिन टाळावे, कारण त्यामुळे पक्ष्यांना उष्णता सहन होत नाही आणि उष्माघाताने मरतुक वाढते.